गोळ्यावर गोळी: मॅग्नेशियम घ्यावं की क्विनीन?

रात्री अडीच-तीनला पोटरीचा दगड होतो, माणूस तडक उठून बसतो आणि पायाचा चवडा दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढत राहतो. ज्याला हे होतं त्याला वर्णन नको असतं, त्याला उपाय हवा असतो. मला साठीच्या अलीकडे हे सुरू झालं आणि आठवड्यात माझ्याकडे दोन सल्ले जमा झाले. नाक्यावरचा मेडिकलवाला म्हणाला, मॅग्नेशियम घ्या. वरच्या मजल्यावरचे काका, आयुष्यभर जहाजावर काढलेले, म्हणाले, "अरे, क्विनीन घे. बोटीवर आम्ही तेच घ्यायचो. नाहीतर रात्री ग्लासभर टॉनिक वॉटर पी, तेच त्यात असतं."

मॅग्नेशियम मी सात आठवडे घेतलं, क्विनीन हे मलेरियावरचं जुनं औषध मात्र एकदाही घेतलं नाही. का, ते सांगतो. मी डॉक्टर नाही, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

आधी मॅग्नेशियम. वहीत मी रोज सकाळी खूण करायचो. सुरू करण्याआधीच्या आठवड्यात पाच वेळा गोळा आला होता. गोळी सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात चार, मग तीन, मग दोन, पुन्हा दोन. मी खूश. ऑफिसात दोघांना शिफारसही करून झाली. मग गणपतीला गावी गेलो आणि पाकीट मुंबईतच राहिलं. तिथे दोन आठवड्यांत गोळीशिवाय किती वेळा गोळा आला? पहिल्या आठवड्यात दोनदा, दुसऱ्यात एकदा. तेव्हा मात्र वही मिटून विचार करावा लागला.

हाच प्रकार इस्रायलमधल्या एका चाचणीत फार स्वच्छ दिसतो. ती 2017 साली प्रसिद्ध झाली. रात्री गोळे येणाऱ्या 94 जणांपैकी निम्म्यांना चार आठवडे झोपताना मॅग्नेशियम ऑक्साइडची कॅप्सूल दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी नुसती कॅप्सूल. मॅग्नेशियमवाल्यांचे गोळे आठवड्याला साधारण 7.8 वरून 4.4 वर आले. म्हणजे माझ्यासारखंच, जवळजवळ निम्मे. पण नुसती कॅप्सूल घेणाऱ्यांचेही 8.5 वरून 5.5 वर आले. दोन्हींतला फरक आठवड्याला अर्ध्या गोळ्याचाही नाही, आणि तेवढा फरक योगायोगानेही पडतो.

कारण सरळ आहे. हे दुखणं लाटांसारखं येतं. आपण मेडिकलच्या दुकानात जातो ते लाट सगळ्यात उंच असताना. कमी झालं असताना कोण जातं? त्यानंतर ती उतरणारच असते, आणि उतरताना हातात जी गोळी असेल तिला श्रेय मिळतं. त्यामुळे "मला फरक पडला" हे माझं वाक्य खोटं नव्हतं. गोळीमुळे पडला, हे मला कळायला मार्ग नव्हता, एवढंच.

अशा चाचण्या एकत्र करून पाहणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा आढावा 2020 मध्ये पुन्हा निघाला. वयस्कर माणसांच्या रात्रीच्या गोळ्यांवर मॅग्नेशियमचा जाणवण्याजोगा उपयोग होण्याची शक्यता कमी, असा त्याचा निष्कर्ष आहे. गरोदरपणातल्या गोळ्यांबद्दल चाचण्या एकमेकींशी भांडतात, तो विषय वेगळा. साठ दिवस गोळी देऊन फायदा दिसल्याची एक अलीकडची चाचणीही आहे, हे सांगितलं पाहिजे. पण तिच्यात महिन्याच्या टप्प्यावर फरक नव्हता, आणि एकट्या चाचणीवर मी तरी फार भार टाकणार नाही.

इथे कोणीतरी हमखास म्हणतं: "ऑक्साइड अंगाला लागत नाही हो, ग्लायसिनेट घ्या." लेबलचं गणित खरंच पाहण्यासारखं आहे. ऑक्साइडमध्ये वजनाच्या साठ टक्के मॅग्नेशियम असतं, म्हणजे 400 मिलिग्रॅमच्या गोळीत 240. ग्लायसिनेटमध्ये जेमतेम 14 टक्के, म्हणजे 1000 मिलिग्रॅममध्ये 140. ऑक्साइड कमी शोषलं जातं हेही खरं. पण या वादाचं उत्तर कॅनडातल्या एका गटाने 2011 मध्ये परस्पर देऊन टाकलं. त्यांनी 46 जणांपैकी काहींना पाच दिवस मॅग्नेशियम सल्फेट थेट शिरेतून दिलं, बाकीच्यांना नुसतं खारं पाणी. पोटाचा, शोषणाचा प्रश्नच संपला. तरीही खारं पाणी चढवलेल्यांपेक्षा त्यांचे गोळे लक्षात येण्याइतके कमी झाले नाहीत. ज्यांच्या शरीराने मॅग्नेशियम जास्त धरून ठेवलं, म्हणजे ज्यांच्यात कमतरता असावी असं म्हणता येईल, त्यांनाही वेगळा फायदा दिसला नाही. हे वाचल्यावर महागडी बाटली घेण्याची माझी इच्छा गेली.

पण खरं सांगायचं तर मी मॅग्नेशियम सोडलं ते या चाचण्यांमुळे नाही. सोडलं ते सकाळच्या लोकलमुळे. रात्री ऑक्साइडची गोळी घेतली की सकाळी पोट साफ होतं. काहींना ते हवंही असतं. मला ते दोन टप्प्यांत व्हायचं. पहिला घरी, दुसरा भांडुप सोडल्यावर. सव्वाआठच्या स्लो गाडीत दाराजवळ चेपून उभं असताना पोटात जी हालचाल सुरू होते तिला उपाय नाही. दोनदा मी कुर्ल्याला मधेच उतरलो. रात्रीच्या दोन मिनिटांच्या गोळ्याऐवजी सकाळचा पाऊण तास धाकधूक, हा सौदा मला परवडेना. चाचण्यांतही जुलाब हाच मुख्य त्रास दिसतो. गोळी अर्धी केली की तो कमी होतो, जेवणानंतर घेतली की आणखी कमी. मी दोन्ही करून पाहिलं, पण तोवर विश्वास उडाला होता.

त्रास असा लाजिरवाणा असला तरी निरुपद्रवी आहे, ही मॅग्नेशियमची खरी जमेची बाजू. गोळी थांबवली की दोन दिवसांत सगळं पूर्ववत. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनी मात्र विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण जास्तीचं मॅग्नेशियम बाहेर टाकण्याचं काम त्याचंच असतं. थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींमध्ये किमान चार तास जाऊ द्यावेत.

आता काकांचं क्विनीन. गंमत अशी की उपयोगाच्या पारड्यात तेच जड आहे. त्याच्या चाचण्यांच्या आढाव्यात गोळ्यांची संख्या दोन आठवड्यांत सुमारे 28 टक्क्यांनी कमी झालेली दिसते. मॅग्नेशियमला एवढं कधी जमलं नाही. मग अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1994 मध्येच चिठ्ठीशिवाय मिळणारं क्विनीन पायाच्या गोळ्यांसाठी बंद करायचं का ठरवलं? 2006 मध्ये उरलेल्या विनामान्यता गोळ्या का काढायला लावल्या, आणि 2010 मध्ये पुन्हा ठळक इशारा का दिला?

कारण रक्तातल्या प्लेटलेट्स. काही लोकांच्या शरीरात अशी प्रतिपिंडं तयार होतात जी एरवी स्वस्थ असतात, पण रक्तात क्विनीन आलं की त्याच्या मदतीने प्लेटलेट्सना चिकटतात आणि त्या नष्ट होतात. दीड-दोन लाखांवरचा आकडा काही तासांत किंवा दिवसांत वीस हजारांखाली जाऊ शकतो. आधी नडगीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतात, ते दाबले तरी फिके पडत नाहीत. मग हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं. काहींमध्ये बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन मूत्रपिंडच बंद पडतं. याशिवाय हृदयाची लय बिघडणं, कानात आवाज येणं हे वेगळंच. 2005 ते 2008 या काळात अमेरिकेत नोंदल्या गेलेल्या 38 गंभीर प्रकरणांपैकी मलेरियासाठी क्विनीन घेणारा एकच होता. दोन तृतीयांश लोक पायांच्या गोळ्यांसाठी किंवा पायांच्या अस्वस्थतेसाठी ते घेत होते.

हे दुर्मीळ आहे, मान्य. पण कोणाला होणार ते आधी सांगणारी नेहमीची कुठलीही तपासणी नाही. आणि "मी वीस वर्षं घेतोय, मला काही झालं नाही" यालाही अर्थ नाही, कारण प्रतिपिंडं कधीही तयार होऊ शकतात. मलेरिया जिवावर बेतलेला असताना हा धोका पत्करणं वेगळं. दोन मिनिटांच्या वेदनेसाठी पत्करणं मला तरी पटत नाही.

आणि हा मुद्दा मुंबईकराला जास्तच लागू आहे. पावसाळ्यात ताप आणि प्लेटलेट्स खाली म्हटलं की घरचे, शेजारचे सगळे डेंग्यूच धरून चालतात. अशा वेळी "काका, रात्री टॉनिक वॉटर पिता का?" हे कोण विचारणार? रुग्णालाही ते औषध वाटत नसल्याने तो आपणहून सांगत नाही. मग बरं होऊन घरी आला की पुन्हा ग्लास भरतो.

टॉनिक वॉटरचं गणित तर दोन्हीकडून तोट्याचं आहे. अमेरिकेत लिटरला जास्तीत जास्त 83 मिलिग्रॅम क्विनीनची परवानगी आहे, म्हणजे 300 मिलिलिटरच्या कॅनमध्ये फार तर 25. गोळ्यांवर जी मात्रा दिली जायची ती 200 ते 300 मिलिग्रॅम. तेवढ्यासाठी रात्री आठ ते बारा कॅन लागतील, आणि मग झोप गोळ्यामुळे नाही, लघवीमुळे मोडेल. उपयोगाला कमी पडणारी ही मात्रा प्रतिपिंडं असलेल्या माणसाच्या प्लेटलेट्स पाडायला मात्र पुरते. जिन-टॉनिक पिऊन अंगावर जांभळे डाग उठलेल्यांच्या नोंदी 1960च्या दशकापासून आहेत आणि डॉक्टरांनी त्याला कॉकटेल पर्पुरा असं नावही दिलं आहे. काकांना हे सांगितलं तेव्हा ते इतकंच म्हणाले, "नाव मात्र छान आहे."

दोन्हींतलंच एक निवडायचं तर मॅग्नेशियम, हे उघड आहे. पण माझं मन कशावर बसलं ते लपवत नाही. झोपायच्या आधी स्वयंपाकघरातल्या ओट्याला हात टेकून एक पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, पोटरी ताणली जाईपर्यंत पुढे झुकायचं. दहा आकडे मोजायचे, सोडायचं, असं तीनदा. मग दुसरा पाय. नेदरलँड्समध्ये 2012 मध्ये पंचावन्नच्या पुढच्या 80 जणांपैकी निम्म्यांनी सहा आठवडे पोटरी आणि मांडीच्या मागचे स्नायू असे ताणून पाहिले, तेव्हा त्यांचे गोळे आणि त्यांची तीव्रता दोन्ही कमी झाली. अर्थात ताण देणाऱ्याला आपण ताण देतोय हे माहीत असतं, इथे नुसती कॅप्सूल नसते. आणि 2005 मधल्या एका इंग्लिश चाचणीत ताण देऊन काहीच फायदा दिसला नव्हता. तरी माझी वही सध्या आठवड्याला एकावर आहे. लाट ओसरली असेल, कोण जाणे. पण कुर्ल्याला उतरावं लागत नाही.

तरीही मॅग्नेशियमच घ्यायचं असेल तर एवढं करा. आधी दोन आठवडे काही न घेता खुणा करा, मग चार आठवडे घेऊन, मग दोन आठवडे सोडून. सोडल्यावर गोळे परत वाढले तर गोळीच्या बाजूने काहीतरी आहे असं म्हणता येईल. नाही वाढले तर पैसे वाचवा. रक्तातलं मॅग्नेशियम मोजून फारसं कळत नाही, शरीरातल्या साठ्याचा एक टक्काही रक्तात नसतो. त्यापेक्षा चालू औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर ते आवर्जून दाखवा. आणि पोटरी एकाच पायाची सुजलेली, गरम असेल, किंवा चालताना दुखून थांबलं की दुखणं जात असेल, तर तो हा गोळा नव्हे. त्याला वही नको, दवाखाना हवा.

माझ्या पाकिटात अजून सात गोळ्या आहेत. बद्धकोष्ठ झाला की बायको त्यातली एक मागते.