तपासणीविना मिळालेले दिव्यांग कार्ड

माझ्या थोरल्या भावाला डाव्या कानाने मुळीच ऐकू येत नाही. उजवा कान मात्र ठणठणीत आहे. एसटीच्या सवलतीसाठी यूडीआयडी कार्ड हवे म्हणून तो जिल्हा रुग्णालयाबाहेरच्या एका झेरॉक्स दुकानात गेला. तिथल्या एजंटाने आठ हजार रुपये घेऊन, कानाची कोणतीही तपासणी न करता, 45 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि पिवळ्या रंगाचे कार्ड त्याच्या हाती दिले.

मुळात हा अर्ज swavlambancard.gov.in या संकेतस्थळावर कोणालाही विनाशुल्क करता येतो. आधार, छायाचित्र आणि पत्त्याचा पुरावा जोडून रुग्णालय निवडले की नोंदणी क्रमांक मिळतो, आणि त्यावरून अर्ज कुठवर आला आहे ते पाहता येते. दादाकडे हा क्रमांकच नव्हता. अर्जात भ्रमणध्वनी क्रमांक स्वतःचाच घातल्याचे एजंटाने सांगितले होते, त्यामुळे संदेश आले नाहीत याचे कोणाला नवल वाटले नाही. कार्डावरचा क्रमांक मी संकेतस्थळावर टाकून पाहिला, तेव्हा अशी नोंदच नसल्याचे दिसले.

खरे तर 45 हा आकडाच संशयास्पद होता. कानाच्या तपासणीत रुग्णाला आवाजबंद खोलीत बसवून, हेडफोनमधून क्षीण होत जाणारे आवाज ऐकू येताच बटण दाबायला सांगतात, आणि उत्तरांबद्दल शंका आल्यास बेरा चाचणी करतात, जिच्यात मेंदूपर्यंत पोहोचणारा प्रतिसाद इलेक्ट्रोडने मोजला जात असल्याने रुग्णाच्या सांगण्यावर काही अवलंबून राहत नाही. मग प्रत्येक कानाची टक्केवारी काढून, चांगल्या कानाच्या टक्केवारीची पाचपट आणि वाईट कानाची एकपट यांची बेरीज सहाने भागली जाते. दादाचा उजवा कान शून्य आणि डावा अगदी शंभर टक्के धरला, तरी उत्तर 17 च्या आसपासच येते. बहुतेक सवलतींसाठी लागणारे 40 टक्के एका कानाच्या बहिरेपणावर मिळूच शकत नाहीत, आणि एवढे गणित एजंटालाही ठाऊक असणार!

ते कार्ड एसटीत दाखवले गेले नाही, हे आमचे नशीब. दिव्यांगांसाठीचा लाभ फसवणुकीने घेतल्यास 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 91 नुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्हीही होऊ शकतात, आणि तो गुन्हा कार्ड वापरणाऱ्यावर लागतो.

पैसे यूपीआयने दिलेले असल्याने आम्ही सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि बनावट कार्ड व प्रमाणपत्र पोलीस ठाण्यात जमा करून पोच घेतली. दादाने नवा अर्ज स्वतःच्याच भ्रमणध्वनीवरून केला असून त्याची छापील प्रत, नोंदणी क्रमांकासह, घरी ठेवली आहे.