एकच ओळ, चार खुणा: पेटीवर कुठली निवडाल?

आमच्या कुडाळकडच्या एका शाळेत स्वागतगीत बसवताना सुरुवातीच्या आठ स्वरांवर वाद झाला: सा रे ग म, प म ग रे. मिनिटाला 100 ठोके, ठोक्याला दोन स्वर, म्हणजे प्रत्येक स्वराला 0.3 सेकंद. स्वर तेच, पण खुणा कुठल्या घालायच्या?

लेगाटो म्हणजे स्वर सलग, मध्ये फट नाही. पेटीवर पुढची पट्टी दाबताक्षणी मागची सोडायची. उशीर झाला तर दोन रीड एकत्र वाजतात आणि ओळ गढूळ होते. स्लरची कमान त्यापुढे जाऊन स्वरांचे गट सांगते. आठही स्वरांवर एकच कमान घातली तर ओळ एका श्वासात वाहते. दोन-दोन स्वरांवर घातली तर जोडीतला पहिला स्वर थोडा जड आणि दुसरा हलका सुटतो, त्यामुळे तीच ओळ उसासे टाकल्यासारखी वाटते. स्वागताला ते शोभत नाही. कमान एकाच स्वराच्या दोन खुणांना जोडत असेल, तर तो स्लर नसून टाय असतो, आणि दुसरा स्वर नव्याने वाजवायचा नसतो.

स्टॅकाटोचा ठिपका स्वराच्या डोक्यावर किंवा खाली असतो. उजवीकडचा ठिपका वेगळा, तो स्वर दीडपट लांबवतो. स्टॅकाटोत आमचा स्वर साधारण 0.15 सेकंद वाजतो, उरलेला वेळ शांतता. मुलं ती शांतता गिळतात आणि लय पळते. मेट्रोनोम लावला की लगेच कळतं. ओळ खेळकर होते खरी, पण जाड, खालच्या सप्तकातल्या रीडना बोलायलाच वेळ लागतो, तिथे ठिपके नकोत. आणि पावसाळ्यात? लाकूड फुगतं. एक मुलगा म्हणाला, "काकानू, बोट उचललंय, पन पट्टीच वर येणा नाय!" त्याचं काही चुकलं नव्हतं.

मला सर्वांत रस आहे तो ॲक्सेंटमध्ये, कारण पेटीवर तो फसवतो. ‘प’वर आघाताची खूण दिली की विद्यार्थी पट्टी जोरात मारतो. आवाज मात्र तेवढाच राहतो, कारण पेटीत जोर बोटाचा नसतो, हवेचा असतो. भात्याला झटका द्यावा, तर आतला स्प्रिंगचा भाता तो पचवतो आणि आघात बोथट, उशिरा येतो. खात्रीचा उपाय म्हणजे आधीचा ‘म’ छाटायचा. त्या इवल्याशा शांततेनंतर आलेला ‘प’ कानाला ठळक लागतो. व्हायोलिनवाल्याला ही कसरत लागत नाही, त्याचा गज तिथेच जोर देतो.

म्हणून आम्ही पहिल्या चार स्वरांवर एक कमान घातली, तिच्या शेवटी ‘म’ थोडा आखूड केला, ‘प’वर आघात दिला आणि उतरत्या ‘म ग रे’ला ठिपके दिले. भजनाच्या ठाय ओळीला हे चालणार नाही. तिथे मी नुसता लेगाटो ठेवेन आणि ‘प’ला हातही लावणार नाही.