वाफवून-वाटून देणारं बाळाचं मशीन: पाच महिन्यांनंतर

मुलगी सहा महिन्यांची झाली त्या आठवड्यात घेतलं. बेचाळीसशे रुपये. वाफवा, त्याच भांड्यात फिरवा, झालं. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर पाच तारे दिले असते. लाल भोपळ्याच्या फोडी दहा मिनिटांत मऊ, गाजराचे सेंटीमीटरभर तुकडे पंधरा मिनिटांत. खाली साठलेलं वाफेचं पाणी चमचा-दोन चमचे घालून फिरवलं की चमच्यावरून ओघळणार नाही इतपत दाटसर. मीठ-साखर काही नाही. लेक मिटक्या मारत खायची.

तिसऱ्या महिन्यात गाजर कच्चं राहायला लागलं. आईनं तुकडा अंगठा आणि बोटात धरून दाबला, तर तो चेपायच्या ऐवजी सटकून ओट्यावर. "आरं, हे कच्चं हाय की! पोरीच्या घशात अडकंल." मी म्हटलं गाजरंच जून असतील, कपिलतीर्थ मार्केटमधून दुसरी आणली. तेच. मग घड्याळ लावून बसलो. पंधरा मिनिटांच्या खुणेपर्यंत पाणी भरलेलं आणि नवव्या मिनिटाला शिट्टी. टाकीत पाणी तसंच शिल्लक!

या मशीनला खरा टायमर नाही. पाणी संपलं, तळाची तबकडी तापली की ते बंद पडतं; म्हणजे वेळ ठरते ती पाण्यावर. सर्व्हिसवाल्याला फोनवर हे सगळं सांगितलं. उत्तर काय, तर "हीटर गेलाय, पुण्याला पाठवा, एकोणीसशे लागतील." वॉरंटी? "त्यात हीटर येत नाही." एकोणीसशे रुपयांत माझ्या दोन महिन्यांच्या भाज्या येतात. ठेवला फोन.

टाकीत बॅटरी मारून बघितलं तर तबकडीवर पांढरा, खरखरीत थर. आमच्या अपार्टमेंटला बोअरचं पाणी, बादल्यांना पण हाच थर बसतो. थरामुळं उष्णता पाण्यात नीट जात नाही, तबकडी उगाच जास्त तापते, आणि मशीनला वाटतं पाणी संपलं. वायर काढून, कपभर गरम पाण्यात चमचाभर लिंबूसत्व घालून टाकीत अर्धा तास ठेवलं, ओतलं, दोनदा धुतलं, एकदा नुसत्या पाण्यावर चालवलं. परत पंधरा मिनिटं. खर्च दहा रुपये. आता पिण्याचं फिल्टरचं पाणीच घालतो आणि महिन्यातून एकदा हा उद्योग करतो. तेव्हा हीटरला मनातल्या मनात घातलेल्या शिव्या मागं घेतो. सर्व्हिसवाल्याच्या नाही.

पण एक गोष्ट मागं घेणार नाही: भांडं. दुहेरी भिंतीचं जाड प्लॅस्टिक, वरून झाकण, म्हणजे थर्मासच की राव! शिट्टी झाली म्हणजे खायला तयार, असं पुस्तिकेत चित्र आहे. एकदा भोपळा फिरवून वाटीत काढला, वरचा थेंब मनगटावर टाकला, कोमट लागला. बायको चमचा भरणार तेवढ्यात मी मधलं थोडं उकरून लावलं, तर चटका. दाट लगद्याच्या पोटात उष्णता दडून बसते, वरून कळत नाही. भांड्यातच ठेवलं तर वीस मिनिटांनंतरही आतून गरमच, आणि तोवर पोरगी रडून घर डोक्यावर घेते.

म्हणून आता शिट्टी झाली की लगेच सगळं स्टीलच्या ताटलीत बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा पातळ पसरायचं, मधेमधे खालीवर करायचं. पाच-सहा मिनिटांत कोमट. मग मधला थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला. गरम-गार काहीच जाणवलं नाही की द्यायचं. फुंकर मारायची नाही, आपल्या तोंडातलं तिच्या तोंडात कशाला. भरवायचं तेवढंच वाटीत घ्यायचं. चमचा तोंडाला लागलेलं उरलं की टाकून द्यायचं. बाजूला काढलेलं निवलं की लगेच झाकून फ्रीजमध्ये, संपवायचं दुसऱ्या दिवसापर्यंत. देताना वाफ येईपर्यंत गरम आणि पुन्हा ताटली.

बटाटा मात्र यात घालू नका. पात्यानं त्याची खळ होते, पतंगाला चिकटवायला चालेल. उकडून चाळणीतून दाबायचा.

आता लेक अकरा महिन्यांची आहे. आठव्या महिन्यापासूनच तिला मऊ बारीक गाठी असलेलं द्यायचं म्हणून काट्यानं कुस्करतो, त्यामुळं पातं बंदच. राहिलं काम वाफेचं. ते आईच्या मोदकपात्रात गाजराला तेवढीच पंधरा मिनिटं घेतं, आणि त्याची ताटली आतच असते. दोन तारे.