बोर्डाचा अर्धा फोटो आणि माझे 95,124 रुपये

घोड्यांच्या रेसच्या नावाखाली मला गंडवलं, बायकोला अजून त्यातल्या फक्त 4,999 चंच माहितीये, त्यामुळे नाव लिहीत नाही. पण लिहितोय, कारण मला गंडवणारा माणूस अजून तसलेच फोटो टाकतोय.

2024 चा पावसाळा, पुण्याचा रेसिंग सीझन चालू होता. मी रेसला वर्षातून एकदोनदा मित्रांबरोबर जाणारा माणूस, म्हणजे बेवडाजुगारी वगैरे नाही, अकाउंट्समधे नोकरी करतो आणि आकड्यांची भीती वाटत नाही. हाच माज नडला. टेलिग्रामवर एक ग्रुप होता, तिथला 'सर' रोज बुकीच्या बोर्डाचे फोटो टाकायचा. टिप देत नव्हता, हे महत्त्वाचं. तो म्हणायचा टिप देणारे चोर असतात, मी फक्त गणित शिकवतो. 4,999 रुपये फी. मला वाटलं, वा, हा वेगळा दिसतोय.

आणि गणित तो खरं शिकवायचा! 2/1 भाव म्हणजे 1 लावला तर 2 नफा, एकूण 3 परत, म्हणजे बुकीच्या हिशेबात त्या घोड्याला तीनात एक, 33.3 टक्के. 7/2 असेल तर खालचा आकडा भागिले दोन्हींची बेरीज, 2 भागिले 9, 22.2 टक्के. असं सगळ्या घोड्यांचं काढायचं आणि बेरीज करायची. बेरीज 100 च्या वर जेवढी जाते तो बुकीचा गल्ला. 100 च्या खाली आली तर बुकी चुकलाय आणि सगळ्या घोड्यांवर त्या प्रमाणात पैसे लावले तर कोणीही आला तरी तुम्ही जिंकता. यात एक अक्षर खोटं नाही, हेच तर दुखतंय.

पहिल्यांदा त्याने 9,100 लावायला सांगितले, तो स्वतः रेसकोर्सवर असतो म्हणे, तो लावणार. संध्याकाळी 10,000 परत आले. 900 नफा. असल्या लोकांची ही पहिली पायरी तुम्हाला माहितीच असेल, मलाही माहिती होती, तरीपण खात्यात 10,000 जमा झाल्याचा मेसेज बघितला की डोकं चालत नाही.

पुढच्या शनिवारी फोटो आला. पाच घोडे दिसत होते, 1 ते 5 नंबर. भाव 2/1, 7/2, 5/1, 8/1, 12/1. मी स्वतः एक्सेलमधे टाकले. 33.3, 22.2, 16.7, 11.1, 7.7. बेरीज 91. परत केली, 91. माझ्या कानात रक्त वाजायला लागलं अक्षरशः. एक लाख परत यायला हवे असतील तर पहिल्यावर 33,333, मग 22,222, 16,667, 11,111, 7,692, एकूण 91,025. नफा 8,975, कोणीही जिंको.

आता ऐका, मी मूर्ख असलो तरी एवढा नाही. पेपरात त्या रेसचं कार्ड होतं, त्यात सात घोडे होते. मी विचारलं त्याला, सर 6 आणि 7 कुठेत? दोन सेकंदात उत्तर, 'दोन्ही स्क्रॅच झाले.' आणि मी ते गिळलं. इथेच थांबायला हवं होतं, आजही रात्री झोप लागत नाही ती ह्याच एका वाक्यामुळे. घोडे रेसमधून बाहेर पडले तर बुकी जुनेच भाव ठेवून बसतो का? उरलेल्या पाचातला एक तर येणारच, त्यामुळे सगळ्यांचे भाव लगेच पडतात आणि बेरीज परत 100 च्या वर जाते. बोर्डवर 91 घेऊन बसलेला बुकी म्हणजे दुकानासमोर नोटा वाटणारा माणूस. शेकडो पंटर उभे असतात तिथे, त्यांना दिसलं नाही आणि मला कोथरूडमधे सोफ्यावर बसून दिसलं??

पैसे पाठवले. 91,025, पै न पै. रेस झाली, 7 नंबर जिंकला. स्क्रॅच झालेला घोडा जिंकला, काय चमत्कार. मेसेज केला तर म्हणाला ऐनवेळी परत घेतला, रिस्क असते, 40,000 टाका पुढच्या रेसला रिकव्हर करू. मग ब्लॉक.

दोन दिवसांनी कोर्सवर जाणाऱ्या एका मित्राकडे त्याच रेसचा त्याच बोर्डचा पूर्ण फोटो मिळाला. 6 नंबर 10/1, 7 नंबर 4/1. म्हणजे 9.1 आणि 20 टक्के. एकूण 120.1. माझ्या फोटोत खालच्या दोन ओळी कापलेल्या होत्या, मोठा करून बघितला तर अगदी तळाला सहाचा वरचा वळसा अर्धा दिसतोय. आधी मोठा केला असता तर! आणि हा 120.1 म्हणजे बुकी 20 टक्के खातो असं नाही बरंका, ही चूक सगळे करतात, मीपण केली. त्या प्रमाणात 120.1 गोळा करून तो 100 वाटतो, म्हणजे गोळा केलेल्याच्या 16.7 टक्के त्याचे. भाव फसवे नव्हतेच, बुकीचा धंदा चोख होता. फसवा फोटो होता.

आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट, मी अकाउंट्सवाला! तेव्हा रेसच्या बेटवर पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी होता (आता तर 40 झालाय). 91,025 वर 25,487 होतात. त्याने ते मागितलेच नाहीत माझ्याकडे. त्याने ते पैसे कुठे लावलेच नव्हते, हे मला ट्रान्सफर करायच्या आधी कळायला हवं होतं. 28 टक्के धरले तर बेरीज 78 च्या खाली आली तरच नफा, 91 ला काय चाटायचंय. तिकिटाचा फोटोही मागितला नाही मी.

मग पोलीस स्टेशन. दोन तास बाकड्यावर. साहेब म्हणाले तुम्ही कोर्सवर होता का? नाही. मग बाहेरून दुसऱ्याकडून बेट लावणं हाच गुन्हा, लिहून घेऊ का तुमचं नाव? हसले वर. मी म्हटलं अहो बेट लागलीच नाही, सरळ चोरी आहे, फोटो कापलाय, बेरीज बघा, कागद पुढे केला. त्यांनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही, म्हणे हे गणित कोर्टात सांगा. सायबरला जा म्हणाले, सायबरवाले म्हणाले आधी स्टेशनला जा. तीन चकरा, तीन अर्ध्या सुट्ट्या. बँकेत गेलो तर बाई म्हणाल्या पिन तुम्हीच टाकलात ना, मग व्यवहार 'अधिकृत' आहे. खातं कोणाचं ते सांगणार नाहीत, गोपनीयता! चोराची गोपनीयता, माझी नाही. मी त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला फोन केला असता तर पैसे खात्यात थांबले असते कदाचित, मी लाजेने दोन दिवस घालवले. तुम्ही घालवू नका.

फोटो आला की आधी घोडे मोजा, कार्डावर जेवढे तेवढेच बोर्डवर हवेत. चकाकीत 7/2 आणि 1/2 सारखे दिसतात, एक 22 टक्के दुसरा 67, नीट वाचा. बेरीज 100 च्या खाली आली तर बुकी चुकला नाही, फोटोत काहीतरी राहिलंय.

हिशेब: 4,999 अधिक 91,025 वजा ते 900. 95,124. काल दुसऱ्या नंबरवरून ग्रुपमधे डोकावलो, नवा फोटो आलाय, सहा घोडे, बेरीज 93. कार्ड काढून बघितलं, रेसमधे आठ आहेत. खाली चौदा जणांनी अंगठे दिलेत.