फ्लड फिल की युनियन-फाइंड: डंजनमधली तुटलेली खोली कशाने पकडायची?

खेळाचा डंजन-नकाशा आपोआप बनवणारा जनरेटर अधूनमधून एखादी खोली वाटेविना सोडतो. मग तपासणी टाइलवर करायची, म्हणजे एका टाइलपासून शेजारच्या मोकळ्या टाइल्स रंगवत जाणाऱ्या फ्लड फिलने, की खोल्यांच्या यादीवर, म्हणजे जोडलेल्या खोल्यांचे गट बांधणाऱ्या युनियन-फाइंडने?

वेगाची चिंता सोडा. 80×50 च्या नकाशात 4000 टाइल्स. फ्लड फिल प्रत्येक टाइल फार तर एकदा रंगवतो. युनियन-फाइंड आणखी हलका, पण खेळाडूला फरक कळणार नाही.

खरा प्रश्न विश्वासाचा आहे. "खोल्या 3 आणि 7 जोडल्या" असं तुम्ही सांगितलंत की युनियन-फाइंड ते मान्य करतो. नंतर 9 व्या खोलीची भिंत त्याच कॉरिडॉरवर चढली, तरी त्याच्या लेखी वाट सुरूच. फ्लड फिल प्रवेशापासून निघतो आणि त्या भिंतीशी अडतो. 7 मधली टाइल कोरीच राहिली की चोर सापडला. फक्त खेळाडू तिरका चालत नसेल तर शेजारी चारच धरा. आठ धरलेत तर रंग कोपऱ्यातून पलीकडे झिरपतो आणि तपासणी खोटं बोलते.

दुरुस्तीत युनियन-फाइंड उजवा: 3 गट उरले तर 2 कॉरिडॉर पुरतील, हे कोरण्याआधीच कळतं.

त्यामुळे खोल्या-कॉरिडॉरचा आराखडा करताना युनियन-फाइंड, सगळं कोरून झाल्यावर शेवटचा निकाल फ्लड फिलचा. गुहेसारख्या, खोल्याच नसलेल्या नकाशाला एकटा फ्लड फिल पुरतो.