ज्यूस हीटरला काय द्यावं: एक्झॉस्ट वाफ की तिसऱ्या बॉडीची वाफ?

साखर कारखान्यात कच्चा रस साधारण ४० वरून ७० अंशांपर्यंत तापवायचा आहे. लागणारी उष्णता १००० किलोवॅट धरू. टर्बाइनची १२० अंशांची एक्झॉस्ट वाफ द्या किंवा रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरच्या, एकीची वाफ पुढचीला तापवते अशा ओळीने जोडलेल्या भांड्यांपैकी म्हणजे बॉड्यांपैकी तिसरीतली ९० अंशांची, रस तेवढाच तापतो. ऊर्जेच्या ताळेबंदात फरक दिसतच नाही.

एन्ट्रॉपीच्या हिशेबात दिसतो. रसाचं सरासरी तापमान ३२८ केल्विन. नव्याने तयार होणारी एन्ट्रॉपी म्हणजे Q(1/Tc − 1/Th); Q ही उष्णता, Tc रसाचं आणि Th वाफेचं तापमान. एक्झॉस्टसाठी (३९३ केल्विन) ती येते ०.५०, तिसऱ्या बॉडीसाठी (३६३ केल्विन) ०.२९ किलोवॅट प्रति केल्विन. तिला परिसराच्या ३०० केल्विनने गुणलं की वाया गेलेलं काम मिळतं: १५१ आणि ८८ किलोवॅट.

पण हा ६३ किलोवॅटचा फरक हीटरजवळ मीटर लावून सापडणार नाही. ९० अंशांची वाफ हीटरपर्यंत येण्याआधी तिच्यामागच्या उष्णतेने तीन बॉड्यांत पाणी उडवलेलं असतं. त्यामुळे बचत दिसते ती एकूण एक्झॉस्टची मागणी घटते तेव्हा. एक्झॉस्ट वाफच व्हॉल्व्हने दाब पाडून ९० अंशांवर आणली, तर नासाडी फक्त हीटरमधून व्हॉल्व्हमध्ये सरकते.

किंमत मोजावी लागते पृष्ठभागात. तापमानातला फरक ६५ वरून ३५ अंशांवर आला की नळ्यांचं क्षेत्रफळ जवळपास दुप्पट लागतं. शिवाय नळ्यांत पापुद्रा धरला की हा हीटरही हात टेकतो. रस ७० ऐवजी ६४ वरच बाहेर पडू लागतो. तरी नवा हीटर घेताना मी तिसऱ्या बॉडीच्याच बाजूने आहे, फक्त एक जादा हीटर धुलाईसाठी मोकळा हवा.