गुंतवणूकदारांना पाठवायच्या महिन्याच्या अहवालात जूनचे आकडे कशाशी ताडायचे: मेशी की गेल्या जूनशी?

समजा, म्हापशातला एक स्टार्टअप भाड्याच्या स्कूटरवाल्यांना बुकिंगचं अ‍ॅप देतो. उत्पन्न मेमध्ये 10 लाख, जूनमध्ये 4, गेल्या जूनमध्ये अडीच. मेशी ताडलं तर 60 टक्के घसरण. गुंतवणूकदार घाबरेल, पण पाऊस लागला की गोव्यात हे व्हायचंच. गेल्या जूनशी ताडलं तर 60 टक्के वाढ, आणि धंद्याची वाढ कळायला मला हीच तुलना खरी वाटते.

रोकड मात्र मोसम बघत नाही. खात्यात 24 लाख आणि महिन्याची तूट 6 लाख, म्हणजे चारच महिने. तिथे मेचा आकडाही शेजारी द्याच. अ‍ॅप सोडून गेलेले तीन स्कूटरवालेही पावसाच्या माथी मारू नका, कारणासकट लिहा. मग गुंतवणूकदाराकडे मागणी नेमकी करता येते: 'कळंगुटच्या दोन मोठ्या स्कूटरमालकांशी 15 जुलैपर्यंत गाठ घालून द्या.'